आईने फोन मिटला तेव्हा

रविवार, पौषातला. दुपार, जेवणं झाल्यावर. हजर: आई, खुर्चीत, कमरेखाली उशी, मी, स्वयंपाकघर आणि बैठक यांच्या मधे, नवरा, आतल्या खोलीत, झोपलेला, म्हणजे हजर धरायचा की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. फोनवर, महूहून, मावशी. बोलावल्याशिवाय आलेली: शेजारीण.

मावशी आईची धाकटी बहीण. लहानपणापासून ऐकू येत नाही. दोघी हातांनी बोलतात, आणि ती भाषा शाळेतल्या खुणा, घरातल्या खुणा आणि भांडणात सापडलेल्या खुणा मिळून झालेली आहे. घरात आम्ही म्हणतो, अमक्याला हात येतात, तमक्याला येत नाहीत. आईला पूर्ण येतात. मला अर्धे. नवऱ्याला ‘चहा’ आणि ‘पुरे’. माझ्या नावाची खूण म्हणजे हवेत टिक मारायची, कारण मी याद्या करते. ही मावशीने ठरवली, मला न विचारता.

आईच्या कमरेचं हाड मोडेपर्यंत दोघी दर रविवारी भेटत. आता आईला राजेंद्रनगरहून महूपर्यंत गाडीत बसवणं म्हणजे डॉक्टरांची परवानगी, दोन माणसं आणि माझा अख्खा दिवस. मावशीचे गुडघे दुखतात ते वेगळंच. म्हणून व्हिडिओ कॉल. पण साधा फोन एका हातात धरला की उरतो एकच हात, आणि एका हाताने अर्धंच वाक्य होतं. फोन बरणीला टेकवला की घसरतो. मग आई म्हणायची, “ती काय सांगून राहिली, मला नुसतं कोपरच दिसतंय.”

मुलाने नवा फोन घेतला आणि जुना, घडी होणारा, माझ्याकडे पाठवला. पुस्तकासारखा उघडतो, आत मोठी स्क्रीन, बाहेर मिटल्यावर वापरायची अरुंद स्क्रीन. हा फोन आडवा करून अर्धवट उघडला की लॅपटॉपसारखा आपोआप उभा राहतो. खालचा अर्धा टेबलावर, वरचा अर्धा समोर. चित्र वर जातं, खाली आवाज आणि उजेडाची बटणं येतात. तेही सेटिंगमध्ये चालू करावं लागलं. पहिल्या रविवारी मी तो उलटा ठेवला. कॅमेरा असलेला अर्धा खाली गेला आणि मावशीला बराच वेळ आमचा पंखा दिसला. तिने विचारलं, बहीण कुठे आहे, वर गेली का? आई इतकी हसली की कमर दुखली.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली. पोळ्यांचा डबा उपडा, त्यावर फोन, कॅमेऱ्याचा अर्धा वर, खिडकी आईच्या समोर, पाठीमागे नाही. आईचे दोन्ही हात फ्रेममध्ये. हे झालं की मी भांडी घासायला मोकळी.

त्या रविवारी मावशीला एक महत्त्वाचं विचारायचं होतं. ती ज्या बंगल्याच्या मागच्या खोलीत राहते, ती खोली मालकाला परत हवी होती. तिच्या दिवंगत नवऱ्याचा पुतण्या उज्जैनला असतो, भला माणूस, सोमवारी संध्याकाळी तिला न्यायला येणार होता. तिकडे तिला वेगळी खोली मिळाली असती, सगळं मिळालं असतं. फक्त त्या घरात कोणालाच हात येत नाहीत. मावशीने आईला विचारलं, मी तुमच्याकडे येऊ का?

हे मी नळापाशी उभी राहून पाहिलं. मावशी ही खूण फार सावकाश करत होती, जसं आपण मागायचं असलं की हळू बोलतो.

आणि त्याच क्षणी शेजारीण दार ढकलून आत आली. “आँटीजी, ज़रा पानी का पूछना था, आपके यहाँ आया क्या?”

इथे एक सांगायला हवं. हातांनी बोलणारी माणसं आवाज खाली करू शकत नाहीत. कोणी आलं की लपवतात. आई आणि मावशी लग्नाच्या मांडवात पदराखाली बोलायच्या, हे मी पाहिलेलं आहे. शेजारणीला हात येत नाहीत, पण ‘घर’ आणि ‘येऊ’ समजायला कुठे काय यावं लागतं? त्यामुळे आईने तेच केलं जे तिने आयुष्यभर केलं. फोन मिटला आणि पदराखाली घेतला.

“आया था सुबह,” आई शेजारणीला म्हणाली. “मोटर चालू करो ना.”

“चालू की, आँटीजी. पर हमारे यहाँ तो टपक ही रहा है. और भाभीजी, आप तो संडे को भी लगी रहती हो.”

“दूसरा कौन लगेगा,” मी म्हटलं.

ती गेली. आईने फोन उघडला. कॉल तुटलेला.

काय झालं ते मला उशिरा कळलं. फोन मिटला की कुठली अ‍ॅप्स बाहेरच्या स्क्रीनवर चालू राहतील याची सेटिंगमध्ये एक यादी असते आणि प्रत्येकासमोर एक बटण. मी नकाशा आणि संदेश चालू केले होते. व्हिडिओ कॉलचं केलं नव्हतं, कारण मिटून व्हिडिओ कॉल कोण करतं? जे चालू केलेलं नाही ते मिटल्यावर बाहेर येत नाही. स्क्रीन काळी होते, फोन लॉक होतो, कॅमेरा थांबतो. आवाज मात्र जात राहतो. म्हणजे मावशीच्या फोनवर आईचं धूसर चित्र गोठलं, व्हिडिओ थांबला अशी ओळ आली, आणि ऐकू न येणाऱ्या माणसापर्यंत आमच्या मोटरीची चर्चा व्यवस्थित पोचत राहिली.

मावशीच्या बाजूने पाहा. तिने विचारलं, येऊ का. आणि बहिणीने तिच्या तोंडावर पुस्तक मिटलं. मग तिनेही कॉल तोडला.

मी लगेच परत लावला. उचलला नाही. परत. नाही. मी हिंदीत लिहिलं, कारण मावशीला मराठीपेक्षा हिंदी वाचायची सवय: फोन बंद हो गया था, आई ने ना नहीं कहा. उत्तर आलं: ठीक है, समझ गई.

आई म्हणाली, “समजली तर बरं झालं ना.”

“ती उलटंच समजली आहे, आई.”

“मग तू सांग ना तिला.”

“सांगितलं.”

“हातांनी सांग. लिहिलेलं काय, कोणीही लिहितं.”

नवरा उठून आला. त्याला सगळं सांगितल्यावर तो म्हणाला, “अरे यार, उद्या सकाळी जाऊन ये ना महूला.” जाऊन ये, असं म्हणणाऱ्याला कुठेच जायचं नसतं. मी त्याला सांगितलं, सुट्टी काढ, आईपाशी बस, आणि फोन करेन तेव्हा तुझा फोन आईसमोर धर. त्याने हो म्हटलं.

सोमवारी सकाळी बसने निघाले. थकवा आदल्या दिवसाचा नव्हता, तीन वर्षांचा होता, पण बसमध्ये उभं राहून जाताना तो सगळा पिंढऱ्यांत येतो. वाटेत मी ते बटण शोधून ठेवलं, चालू मात्र केलं नाही. आधी तिला चूक दाखवायची होती.

मावशीच्या खोलीत ट्रंका बांधलेल्या होत्या. तिने पाणी दिलं, चहा ठेवला, आणि हात मांडीत घेऊन बसली. हात मांडीत म्हणजे बोलायचं नाही.

मी तिचा फोन टेबलावर ठेवला, शेजारी घडीचा फोन अर्धवट उघडून उभा केला, आणि एकावरून दुसऱ्यावर कॉल लावला. तिच्या फोनवर माझं तोंड आलं. मग मी घडीचा फोन मिटला. तिच्या फोनवर मी गोठले, खाली तीच ओळ. मी उघडला, चित्र सुरू. मिटला, थांबलं.

तिने माझा हात बाजूला केला आणि स्वतः मिटला. उघडला. मिटला. प्रत्येक वेळी फोन नाही, माझे हात पाहत होती, मी काही बटण दाबते का ते बघायला. मग मी यादी उघडली, व्हिडिओ कॉलचं बटण चालू केलं, आणि फोन पुन्हा तिच्या हातात दिला. तिने मिटला. क्षणभर अंधार झाला, आणि चित्र बाहेरच्या अरुंद स्क्रीनवर आलं. आता बाहेरचा कॅमेरा चालू होता. तिच्या फोनवर तिचं स्वतःचं नाक. उघडला, तर चित्र आत मोठ्या स्क्रीनवर.

मी तिला समजावलं, मिटलेला फोन उभा राहत नाही, हातात धरावा लागतो, म्हणून बाहेरच्या स्क्रीनवर एकाच हाताचं बोलणं होतं. ‘थांब’ म्हणायला तेवढं पुरे. काल आईला तेवढंच म्हणायचं होतं.

तिने विचारलं, आणि थांबल्यावर काय म्हणणार होती?

हे मला माहीत नव्हतं. घरी फोन लावला. घडीचा फोन मावशीसमोर उभा केला, तिकडे नवऱ्याने त्याचा आईसमोर धरला. चित्र हलत होतं.

“नीट धर ना,” मी म्हटलं.

“हात दुखून राहिला आहे, यार. माणसाला पण स्टँड असतं का?”

आईने दोन्ही हात वर घेतले. ये, म्हणाली. मग: मोठा कुकर आण, आमच्या कुकरची शिट्टी गेली आहे. मग: वेडी. ही शेवटची खूण मला लहानपणापासून येते.

मावशी हसली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, हवेत टिक मारली, आणि भुवया उंचावल्या. तू?

तिला माहीत होतं की ये म्हणणारी आई, पण करणारी मी. दोघींची औषधं, दोघींच्या आंघोळीचं पाणी, दोघींचे गुडघे आणि कंबर. आदल्या दिवसापासून मला हे कोणीच विचारलं नव्हतं. मी म्हटलं, सकाळी माझा चहा होईपर्यंत मला कोणी हाक मारायची नाही, हातांनीही नाही. भाजी तू चिरायची. आणि भांडलात तर मी मधे पडणार नाही. ती विचार करून म्हणाली, भाजी चिरेन. भांडणाचं सांगू शकत नाही.

मी म्हटलं, ये.

पुतण्याला तिने स्वतः लिहिलं. तो बिचारा संध्याकाळी आलाच, ट्रंका त्याच्याच गाडीत टाकून राजेंद्रनगरला सोडून गेला, आणि जाताना मला म्हणाला, “दीदी, काकी को अच्छा लगेगा यहाँ. हम लोग तो बस मुस्कुराते रह जाते.”

मावशीला मागची खोली दिली. तिथे दारावरची बेल वाजली तर तिला कळणार नाही, म्हणून बेलसोबत लागणारा दिवा बसवायचा आहे. इलेक्ट्रिशियनला तीनदा फोन झाला. भाभीजी, आज पक्का, म्हणतो. दिवा आणून ठेवला आहे, वायर अजून यायची आहे.