वाटेत वळलेला टेम्पो

आमच्या शेजारच्या दवाखान्यात ड्रेसिंग करणारी बाई चोवीस वर्षं तिथेच होती. जखम धुताना ती पेशंटला इतकं बोलतं करायची, की पट्टी बांधून झाली तरी माणूस उठायचं नाव काढत नसे. "काका, आता घरी जा, नाहीतर काकू मला विचारायला येतील," असं म्हणून उठवावं लागे. नवरा लवकर गेला. माहेरचं म्हणून एक थोरला भाऊ, तोही गल्लीच्या टोकाला. त्याचा टेम्पो होता. तिचा त्याच्यावर फार जीव.

दर वर्षी शाळेत जाऊन ती मुलांना साप चावल्यावर काय करायचं ते सांगायची. एकदा भाऊही मागच्या बाकावर बसून ऐकून गेला, हे तिने मला किती कौतुकाने सांगितलं होतं.

त्या मंगळवारी डॉक्टर सुट्टीवर होते. कोठीत खोकी हलवताना तिच्या उजव्या तर्जनीला काहीतरी चावलं. मी कुंपणापाशी होते. ती शांतपणे बाहेर आली आणि म्हणाली, "काकू, वेळ लिहून घ्या. मला बहुतेक साप चावलाय."

चार वाजून दहा मिनिटं. ते लिहिलेली वही अजून माझ्याकडे आहे.

साप शोधायला तिने कोणाला जाऊ दिलं नाही. अंगठी आणि घड्याळ माझ्याकडून काढवून घेतलं. बांगड्या निघेनात, त्या कात्रीने कापायला लावल्या. हात सुजला की हेच रुततं, म्हणाली. मग हाताखाली लाकडी पट्टी ठेवून बोटांपासून कोपरापर्यंत सैल गुंडाळायला सांगितलं, खाली एक बोट सहज जाईल इतपत. शेजारच्या एकाने दोरी आणि ब्लेड आणलं, तर त्याला म्हणाली, "ते तुमच्या दाढीला ठेवा. घट्ट बांधलं तर हात जाईल, कापलं तर रक्त थांबणार नाही, आणि चोखून विष निघत नाही." बर्फ नको, पाला नको, दारू तर नकोच. ॲम्ब्युलन्सला तासभर लागणार होता. तिने स्वतः माझ्या फोनवरून मोठ्या हॉस्पिटलात फोन करून सर्पदंशावरचं इंजेक्शन शिल्लक आहे ना, हे विचारून घेतलं. होतं. चाळीस मिनिटांचा रस्ता.

भाऊ टेम्पो घेऊन आला. तिला चालू न देता दोघांनी उचलून मागच्या गादीवर कुशीवर निजवलं. मी वर चढू लागले तर तो म्हणाला, "तुम्हाला धक्के सोसायचे नाहीत, काकू. मी आहे ना." तीही म्हणाली, दादा आहे, काळजी नको.

साडेपाचला हॉस्पिटलातून मला फोन आला, पेशंट निघाला का? भावाचा फोन लागेना. मी अंगणात येरझाऱ्या घालत राहिले.

ती तिथे पोचली सहा वाजून चाळीस मिनिटांनी.

भावाने टेम्पो वाटेत वळवला होता. नदीपलीकडे विष उतरवणारा एक म्हातारा राहतो. वीस वर्षांपूर्वी भावाला पाण्यातला साप चावला, तेव्हा त्याने मंत्र घालून बरं केलं म्हणे. त्या सापात विषच नव्हतं, हे बहिणीने त्याला शंभरदा सांगितलं होतं. त्या दिवशी तिने तीनदा गाडी फिरवायला सांगितली. तोवर तिला ओकाऱ्या होऊ लागल्या होत्या. म्हाताऱ्याने कोपराच्या वर दोरी आवळली, बोटावर चिरे दिले आणि मुळी उगाळून लावली. चिऱ्यांतलं रक्त थांबेना, तेव्हा भाऊ घाबरून निघाला.

हॉस्पिटलात काचेच्या नळीत घेतलेलं तिचं रक्त वीस मिनिटांनीही गोठलं नव्हतं, म्हणजे विष रक्तात भिनलं होतं. इंजेक्शन सुरू केल्यावर, डॉक्टरांनी समोर उभं राहून दोरी जपून सोडवली. जीव वाचला. तर्जनी काळी पडली, ती काढावी लागली. बाकीची बोटं वळतात, पण पकड नाही. ड्रेसिंग करणाऱ्या बाईला पकड नसली तर उरलं काय? आता ती दवाखान्याच्या खिडकीत बसून डाव्या हाताने केसपेपर लिहिते.

तरी हे तिने कदाचित गिळलं असतं. माणूस घाबरतो, चुकतो. पण ती घरी आली तोवर भावाने गावभर सांगितलं होतं, की म्हाताऱ्याने आधी विष धरून ठेवलं म्हणून डॉक्टरांना यश आलं. केसपेपरच्या खिडकीशी एक बाई तिलाच म्हणाली, "तुम्हीसुद्धा आधी तिकडेच गेलात ना?"

त्या संध्याकाळी तिने भावाला माझ्याच ओट्यावर गाठलं. तो म्हणाला, "चिमे, जिवंत आहेस ना? मग झालं तर."

"वर्गात बसून ऐकलं होतंस तू," ती म्हणाली. "परक्याने वळवली असती गाडी, तर मी ओरडले असते. तू होतास म्हणून आधी झोपून राहिले."

तो ओट्यावरून उठून गेला. पण म्हाताऱ्याचं नाव घेणं त्याने सोडलं नाही.

पुढच्या महिन्यात हाताच्या तपासणीला आम्ही बसने गेलो. तो टेम्पो घेऊन मागोमाग आला, हॉस्पिटलच्या खिडकीशी आमच्या शेजारी उभा राहिला. कारकुनाने विचारलं, "जवळचे नातेवाईक? जुन्या कागदावर भावाचं नाव आहे, तेच ठेवू?"

"ते खोडा," ती म्हणाली, आणि माझं नाव, माझा नंबर सावकाश सांगितला. "नातं काय लिहू?" त्याने विचारलं.

"शेजारीण."