रेघेच्या जागी शून्य

आमच्या पाणीखात्यात तिला सगळे पट्टीबाई म्हणायचे, तोंडावरसुद्धा. तिला त्याचं काही वाटत नसे. दर महिन्याच्या पाच तारखेला पाणी तपासणाऱ्या संस्थेचा अहवाल पीडीएफमधून यायचा. चाळीस पानं, दोनशे बारा वस्त्या, प्रत्येक वस्तीपुढे किती नमुने तपासले आणि त्यांतले किती दूषित निघाले. बाई तो छापून घ्यायची, लाकडी फूटपट्टी एकेका ओळीखाली सरकवायची आणि आकडे कॉम्प्युटरवर टाइप करायची. चार दिवस जायचे. एकोणीस वर्षं ती हेच करत होती, आणि या एकोणीस वर्षांत तिची चूक कुणी काढल्याचं मला तरी ऐकिवात नाही.

मला खात्यात घेतलं ते हे चार दिवस वाचवायला. मी वयाने लहान, डोक्यात थोडी हवा. दीड महिन्यात मी असा प्रोग्रॅम लिहिला, की पाच तारखेला तो स्वतःच पीडीएफ उतरवून घेणार, चाळीस पानांतले तक्ते ओळखणार, प्रत्येक पानावर पुन्हा छापलेली शीर्षकाची ओळ गाळणार आणि आकडे डेटाबेसमध्ये नेऊन टाकणार. त्यावरून भिंतीवरचा डॅशबोर्ड आपोआप ताजा व्हायचा. साहेब चहाचा कप घेऊन मोठ्या स्क्रीनसमोर उभे राहायचे. नकाशावर हिरव्या, पिवळ्या, लाल वस्त्या. त्यांना त्या स्क्रीनचं इतकं कौतुक, की पाहुणा आला की आधी तिकडेच नेत.

बाईने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, आकडे बरोबर आलेत हे कशावरून? मी ऐटीत सांगितलं, की अहवालाच्या शेवटी संस्था एकूण बेरीज छापते. माझा प्रोग्रॅम सगळ्या ओळींची बेरीज करून तिच्याशी ताडून बघतो. एका आकड्याचा फरक पडला तरी काम थांबतं आणि मला मेल येते. तिने मान डोलावली. पुढच्या आठवड्यात तिला जावक विभागात बसवलं, पत्रं पाठवायच्या टेबलावर. मला वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर नाही. मला वाटलं, बिचारीची सुटका झाली.

ती मात्र जेवणाच्या सुट्टीत माझ्याच टेबलाशी डबा उघडायची. घरी ती आणि तिची विधवा नणंद, दोघीच. नणंद हिला म्हणायची, तू भाजी निवडतानाही मोजतेस. बाई हे मला हसत हसत सांगायची आणि लगेच पुढे म्हणायची, मग, मोजायला नको?

तीन महिने सुरळीत गेले. मग खात्याने नियम केला, की सलग दोन महिने हिरव्या राहिलेल्या वस्तीत टाकीत क्लोरीन टाकायला दर आठवड्याला जाणारी गाडी महिन्यातून एकदाच जाईल. तीन महिने हिरवी राहिली तर गाडी बंद, ती लाल वस्त्यांकडे वळवायची. नियम चांगलाच होता. गाड्या चारच होत्या.

महिन्याभराने गाडी बंद करण्याच्या पत्रांचा पहिला गठ्ठा बाईच्या टेबलावर गेला आणि दहा मिनिटांत ती माझ्यासमोर उभी. हातात एकच पत्र, टेकडीमागच्या वस्तीचं. त्यात छापलं होतं, तीन महिने दूषित नमुने शून्य.

"इथे शून्य?" ती म्हणाली. "अरे, या वस्तीत मी एकोणीस वर्षांत एकदाही शून्य टाइप केलेलं नाही."

मी म्हटलं, सुधारलं असेल पाणी. तिने वाद घातला नाही. मूळ पीडीएफ उघड म्हणाली. मी जरा कुरकुरतच उघडली. सव्विसाव्या पानावर त्या वस्तीपुढे दोन्ही रकान्यांत आकडा नव्हता, एक आडवी रेघ होती. आधीच्या दोन महिन्यांतही तेच. बाईने मला शेवटच्या पानाच्या तळाशी जायला लावलं. तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं: रेघ म्हणजे नमुना आला नाही.

माझा प्रोग्रॅम फक्त तक्ता वाचायचा. तक्त्याखालची टीप त्याच्या गावीही नव्हती. रेघ आली की डेटाबेस अडायचा, म्हणून रेघेच्या जागी शून्य टाकायचं, असं मीच लिहिलं होतं. शून्याला शून्याने भागता येत नाही, म्हणून तिथे दूषित नमुन्यांची टक्केवारीही शून्य धरायची, हेसुद्धा मीच. आणि शून्य टक्के म्हणजे हिरवा. बेरीज चुकायचा प्रश्नच नव्हता. रेघ मिळवा किंवा शून्य मिळवा, एकूण तेवढंच राहतं. ज्या तपासणीचा मला एवढा अभिमान होता, तिला ही चूक जन्मात सापडली नसती.

"तुम्ही रेघ असली की काय करायचा?" मी विचारलं.

"फोन करायची."

एवढंच. दर महिन्याला जिथे जिथे रेघ, तिथे तिथे फोन. हे काम कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं, आणि ती चार दिवस नक्की काय करते हे मी कधी विचारलं नव्हतं. टाइप करायला तिला अडीच दिवस लागायचे. उरलेला दीड दिवस फोनवर जायचा, आणि तोच मी वाचवला होता. नोकरीच्या सुरुवातीला ती एका तपासणी केंद्रावर होती. तेव्हापासून तिला माहीत होतं, की रेघ ओढणारा माणूस तिकडून सांगत असतो, मला ठाऊक नाही, कुणीतरी या.

आम्ही दोघं साहेबांकडे गेलो. मी सगळं सांगितलं, माझी चूक म्हणूनच सांगितलं. पत्र थांबलं, गाडी त्याच दुपारी वस्तीकडे निघाली आणि नमुनेही घेतले. रेघेच्या जागी आता काहीच भरायचं नाही, नकाशावर ती वस्ती राखाडी दाखवायची, असं ठरलं. शोधलं तर आणखी आठ वस्त्या तशाच निघाल्या. साहेब जरा नाराज झाले. एवढा राखाडी रंग पाहुण्यांना बरा दिसणार नाही, म्हणाले.

"साहेब, बरा दिसायला नकोच तो," बाई म्हणाली.

चौथ्या दिवशी निकाल आला. दहा नमुन्यांतले सहा दूषित. वस्तीतल्या दवाखान्याच्या नर्सला तो कळवायला बाईने माझ्याच टेबलावरून फोन लावला, स्पीकरवर. नर्सने सांगितलं, की बाटल्या गोळा करणारा माणूस तीन महिन्यांपूर्वी काम सोडून गेला, त्याच्या जागी कुणी आलं नाही. त्यातच क्लोरीनची गाडी महिन्यातून एकदा यायला लागली. तेव्हापासून जुलाबाची मुलं रोज येतात. दोघांना मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं, आता बरी आहेत. गाडी का कमी केली हे विचारायला तिने खात्यात फोन केला होता. इथल्या कुणीतरी स्क्रीनवर बघून सांगितलं होतं, तुमची वस्ती हिरवी आहे.

ती चिडलेली नव्हती, थकलेली होती. तिने एवढंच विचारलं, "पण नमुनाच गेला नाही, तर हिरवी कुणी केली?"

बाई माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. ती शांतपणे म्हणाली, "आम्ही केली. चूक झाली आमची."

त्या प्रोग्रॅममधल्या एका ओळीला तिचा हात लागलेला नव्हता. मी खुर्ची पुढे ओढली आणि फोनजवळ तोंड नेऊन म्हटलं, "ताई, त्यांनी नाही. मी केली."

नर्सने माझं नाव विचारलं, ते लिहून घेतलं आणि सांगितलं, की पुढच्या महिन्यात रेघ दिसली तर फोन मीच करायचा.