पाच रुपयांचा तास

लातूर जिल्हा नवा झाला, त्याच्या मागोमाग पावसानं दगा दिला. आमचं गाव देवणीकडचं. नवरा देगलूरला शाळेवर, आठवड्याला एकदा रविवारी यायचा. शेत बघायचो आम्ही दोघी, सासूबाई आणि मी. म्हणजे राबायच्या त्या आणि हुकूम सोडायची मी. मी नांदेडची, मॅट्रिक झालेली, आणि हिशेबाची वही ठेवून घरातल्या सगळ्यांना धाकात ठेवणारी. आज आठवलं की माझाच मला राग येतो.

विहीर सामाईक होती, आमची आणि चुलत दिरांची. तीन दिवस पाणी त्यांचं, तीन दिवस आमचं. दिवस मावळला की पाळी बदलायची आणि मग विहिरीत जे असेल ते पुढच्याचं. त्यानंतर बादलीभरही मागायचं नाही, हा रिवाज थोरल्यांपासून चालत आलेला. विहिरीतल्या ओट्यावर पाच हॉर्सपॉवरची विजेची मोटार होती, तीही सामाईक. शेजारीच दिरांचं स्वतःचं डिझेल इंजिन, तेवढ्याच ताकदीचं. ते इंजिन आम्हालाही मिळायचं, तासाला पाच रुपये देऊन. त्यात त्यांना काही सुटत नव्हतं. तासाला लिटरभर डिझेल जळायचं, त्याचेच तीन-सव्वातीन रुपये व्हायचे. वर ऑईल, झीज, आणि उदगीरहून कॅन वाहून आणायची दगदग.

त्या वर्षी आमचं सगळं पीक गेलं होतं. राहिलं होतं ते वीस गुंठे कडवळ, गाईच्या वैरणीपुरतं. गाय देवणी जातीची, सासूबाईंनी कालवडीपासून वाढवलेली, आणि तेव्हा सात महिन्यांची गाभण. कडवळ माना टाकायला लागलं होतं. या पाळीत सगळं भिजलं तर गाय दावणीला राहणार होती, नाहीतर बाजारात जाणार होती. विकत वैरण घेण्याइतका पैसा घरात नव्हता.

पाळीच्या पहिल्या दिवशी चुलत दीर सकाळीच येऊन उभे राहिले.

"वैनी, इंजिन लावू का? हीर रात्रीतून पुरुषभर चढली हाय."

मी म्हटलं, "दहाला लाईट येणार आहे. वेळापत्रक लागलंय."

वेळापत्रक खरंच लागलं होतं. नवा जिल्हा, नवे साहेब, नवा शिक्का. तो कागद मी स्वतः वाचून आले होते. आणि माझा हिशेब तयार होता. मोटारीचं बिल हॉर्सपॉवरवर, वर्षाचं ठरलेलं, साडेचारशे. चालवा नाहीतर झाकून ठेवा, तेवढंच भरायचं. ते तर भरून झालेलं. म्हणजे मोटारीचा तास फुकट आणि इंजिनाचा पाच रुपये. फुकटचं सोडून विकतचं कोण घेतं?

दहाला लाईट आली नाही. आली ती चारला. मोटारीनं दीड तासात विहीर उपसली आणि सात गुंठे भिजले. मी वहीत पाच रुपयांच्या दीड तासाची बचत मांडली आणि खूश होऊन झोपले.

सासूबाई मात्र खूश नव्हत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण विहीर येत होती. दुसऱ्या दिवशी त्या काठावर बसून आत बघत होत्या. "सूनबाई, ही आता भरून थांबलीय बघ. पाणी अर्ध्यावर येस्तोवर झरे जोरात वाहत्यात, वर आलं की मंदावत्यात. आत्ता उपसली तर दुपारपर्यंत पुन्हा भरंल. एका दिवसात दोन उपसे व्हत्यात. तू लाईटीची वाट बघून एकच करून राहिलीस."

"आत्याबाई, दोन उपसे म्हणजे तीन तास. तीन तासांचे पंधरा रुपये. कुठून आणायचे?"

त्या काठावरून उठल्या. घरातल्या पैशांची वही माझ्याकडे होती, त्यांच्याकडे नव्हती.

त्या दिवशी लाईट आलीच नाही. दिवसभर मी त्या तारांकडे बघत बसले. मावळतीच्या आधी दिरांनी पुन्हा विचारलं आणि मी पुन्हा मान हलवली. "येईल. उद्याचा अख्खा दिवस आपलाच आहे." पुरुषभर पाणी तसंच उभं राहिलं. रात्रभरात त्यात जेमतेम वीतभर भर पडली.

तिसरा दिवस उजाडला. दहा वाजले, बारा वाजले. एकला पेटीवरचा दिवा लागला आणि मी अनवाणी पळत सुटले. स्टार्टर दाबला तर मोटार नुसती घुमायला लागली, फिरेना. तीनपैकी दोनच फेज आले होते. दीर ओरडले, "सोडा, सोडा वैनी! जळंल ती!" मी हात काढला.

सासूबाई बांधावरून आल्या आणि माझ्याकडे न बघता दिरांना म्हणाल्या, "लाव बाबा इंजिन."

इंजिन लागलं, पण कॅनमध्ये सव्वा लिटर डिझेल उरलं होतं. आदल्या दिवशी सांगितलं असतं तर दीर उदगीरला जाऊन आले असते. आता जाऊन येईपर्यंत दिवस मावळला असता. मी सऱ्यांमध्ये वाकून पाणी फिरवत होते आणि कान इंजिनाकडे होते. तास-सव्वा तासानं ते खोकलं आणि थांबलं. आणखी सहा गुंठे झाले होते. विहिरीत अजून पाणी दिसत होतं. मावळतीला ते दिरांचं झालं. ते वाईट नव्हते, पण त्यांचीही मिरची जळत होती, त्यांचीही जनावरं होती.

वीस गुंठ्यांतले तेरा भिजले. राहिलेले सात पुढच्या पाळीआधी कागदासारखे वाळले. भिजलेलं गाईनं महिनाभरात संपवलं; ते सात वाळले नसते तर ती विण्यापर्यंत तगली असती. मग दिरांनीच तिला देवणीच्या बाजारात नेलं. दुष्काळात घेणारा कोण? आली ती किंमत निम्मीसुद्धा नव्हती. त्या दिवशी मी वही काढून पुन्हा आकडे मांडले. त्या वर्षात मोटार जेमतेम दीडशे तास चालली होती. साडेचारशे भागिले दीडशे, म्हणजे तासाला तीन रुपये. जिला मी फुकट म्हणत होते, तिचा तास डिझेलच्या बरोबरीनं पडला होता. आणि ज्या तासांना ती चाललीच नाही, त्यांची किंमत कुठल्या रकान्यात लिहायची ते मला कळेना.

रविवारी नवरा आला. रिकामी दावण बघून त्याचा चेहरा उतरला.

"इंजिन का नाही लावलं? दारात इंजिन असताना?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "म्याच नको म्हणले. तासाला पाच रुपये कुठून घालू?"

तो आईवर कधी आवाज चढवत नसे. त्या दिवशी चढवला. "तुला काय कळतं ग त्यातलं? घरात शिकलेली सून आहे, तिला तरी विचारायचं होतंस! तिनं हिशेब करून सांगितलं असतं!"

"चुकलं बाबा माझं," सासूबाई म्हणाल्या.

मी भाकरी थापत होते. भाकरी उलटली, पदराला हात पुसले आणि आधी त्याचं ताट वाढलं.