अतुलचे पाय

बेबीताईचा जीव जळायचा तो एका पोराच्या पायांवर. ती नेरजवळच्या खेड्यात अंगणवाडीत मदतनीस होती. कापसानं घराघराचं कंबरडं मोडलं होतं, त्या वर्षांतली ही गोष्ट. तिचा नयन नऊ वर्षांचा. जमिनीवरून उठताना मांडीवर हात रोवत रोवत उभा राहायचा. नागपूरच्या तपासणीत कळलं, स्नायू झिजत जाण्याचा आजार आहे, जन्मतःच असलेला.

दर तीन महिन्यांनी यवतमाळच्या शिबिरात इंदूबाई भेटायची. तिच्या अतुललाही स्नायूंचाच आजार, पण सौम्य प्रकारचा. नयनहून वर्षानं मोठा असून तो जिना चढायचा. बेबीताई तोंड फिरवून बसायची.

व्यायाम शिकवणाऱ्या अर्पिता मॅडम म्हणाल्या, "दोन वर्षांत याचं चालणं थांबेल. चाकांच्या खुर्चीचा अर्ज आत्ताच करा. दार रुंद करा, आणि पाचवीचा वर्ग खाली घ्यायला हेडमास्तरांना सांगा."

"अतुलले काहून नाही सांगत?" बेबीताई तडकली. "खुर्ची आणली का माह्या पोराचे पाय बसतीन!"

तिनं अर्ज केलाच नाही. पाचवीचा वर्ग माडीवर भरला. दिवाळीआधी नयन जिन्यावरून पडला अन् मांडीचं हाड मोडलं. प्लास्टर निघालं, पण तो पुन्हा चालला नाही. तसाही तो एकदोन वर्षांत थांबलाच असता, असं मॅडम म्हणाल्या. बेबीताईला ती एकदोन वर्षंच टोचत राहिली.

इंदूबाई भेटायला आली. पोराजवळ बसली, मग ओसरीत येऊन हळूच बोलली, "माह्या भावालेही अतुलवाणीच होतं. पंचविशीपर्यंत चालला. मंग खुर्चीवर बसला, अन् शेवटी छातीनं दगा देल्ला, गेला तो. म्हून मी दरसाल अतुलच्या छातीची तपासणी करून घेतो."

पंचवीस! हळहळायचं सोडून बेबीताईच्या मनात तेवढाच आकडा घुमला. इतकी वर्षं चालला! स्वतःचीच तिला लाज वाटली.

"भावाले अंघोळीले कसं नेत होते तुमी?" तिनं विचारलं.

इंदूबाई उठली अन् वितीनं दार मोजू लागली. दार बावीसेक इंच, चाकांची खुर्ची चोवीस. चौकट काढावी लागणार होती. उंबऱ्याबाहेरची पायरी नऊ इंच, म्हणजे उतार नऊ फूट लांब हवा, नाहीतर ढकलणाऱ्याचा दम निघतो. मोरीत पाणी निथळायला मधे भोक असलेली खुर्ची, अन् भिंतीला टेकून बसवायला पाट.

आठवड्याभरात चौकट निघाली. बेबीताई हेडमास्तरांकडे दोनदा गेली. तिसऱ्यांदा नयनला कडेवर घेऊन गेली, तेव्हा वर्ग खाली आला. अर्ज केल्यावर खुर्चीही मिळाली. पुढं हात थकतील म्हणून मॅडमनी लिहिण्यासाठी लेखनिकाची परवानगी काढायला सांगितली, अन् श्वासाचे स्नायूही थकतात म्हणून दरसाल श्वासाची तपासणी करायलाही. या वेळी बेबीताईनं अर्ज त्याच दिवशी दिला.

पुढच्या शिबिरात अतुल जिना चढून वर गेला. बेबीताई बघत राहिली, पुन्हा जळली. मग इंदूबाईजवळ सरकून तिनं विचारलं, "नयनच्या श्वासाची तपासणी करायची हाय, कोण्या खोलीत होते वो?"