तिच्या आईसाठी लिहिलेलं स्वाहिली पत्र

शी! आजही आठवलं की तोंड कडू होतं.

हडपसरच्या आयटी पार्कात माझी पहिलीच नोकरी. बिबवेवाडीत आमच्या वरच्या मजल्यावर टांझानियाची एक मुलगी फार्मसी शिकायला राहायची, तिच्याकडून मी स्वाहिली शिकत होते. तिनेच तिच्या गावच्या मैत्रिणीशी माझी पत्रमैत्री जुळवून दिली. आणि सहा-सात पत्रांनंतर त्या मैत्रिणीची आई गेली.

मी ऑफिसात बसून सांत्वनाचं पत्र टाइप केलं. छोटंसंच, चार ओळी: आईच्या मृत्यूचं वाईट वाटलं, आणि तू पाठवलेलं पुस्तक जपून ठेवलंय, एवढंच. आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईसाहेबांना फोनवर वाचून दाखवलं, तर त्यांनी त्यात दोन चुका काढल्या. स्वाहिलीत नामांचे गट असतात, आणि 'चा-ची-चे' किंवा 'तुझं' हे शब्द गटाप्रमाणे बदलतात. मृत्यू म्हणजे 'किफो', पुस्तक म्हणजे 'किताबू', दोन्ही एकाच गटातले. त्यांना 'चा', 'चाको' लागतं. मी 'या', 'याको' लिहिलं होतं. बाकी ठीक, म्हणाली. आई म्हणजे 'मामा', आणि तुझी आई मात्र 'मामा याको'च. मी लंचला जाताना फक्त एवढंच बोलले टीममधल्या एका शहाण्याला, की दोन ठिकाणी 'या'चं 'चा' करायचंय.

परत आले तर पत्र प्रिंट होऊन, मी पत्ता लिहून ठेवलेल्या पाकिटात जाऊन, पोस्टातही पडलेलं.

"अगं, दोनच कशाला, सगळीकडे करून टाकलं. रिप्लेस ऑल. एका सेकंदात," तो खुर्चीत मागे रेलून म्हणाला.

मी स्क्रीन बघितली. 'किफो चा' बरोबर. 'किताबू चाको' बरोबर. आणि पुढे 'मामा चाको'. खाली सहीच्या जागी 'रफिकी चाको', म्हणजे तुझी मैत्रीण, तीही गेली कामातून. मी वरच्या मुलीला फोन लावला.

"चाको चमच्याला लावतात, वस्तूंना," ती म्हणाली. "आईला नाही. परत लिही, हाताने."

मी त्याला सांगितलं. त्याला काय वाटावं? तो माऊसकडे हात नेत म्हणाला, "मग उलटं रिप्लेस करतो ना, सगळे चाको परत याको." म्हणजे पुस्तकाचंही वाटोळं! मी माऊसची वायरच उपटली. एवढी किळस मला झुरळाचीही आली नव्हती. कुणाची तरी आई मेलीय आणि याला सेकंद वाचवायचेत.

त्याच संध्याकाळी हाताने दुसरं पत्र लिहिलं, वरच्या मुलीला प्रत्येक शब्द दाखवून टाकलं. पहिलं आधी पोचणार हे माहीत होतं.

पत्रमैत्रिणीचं उत्तर खूप दिवसांनी आलं. तिने लिहिलं होतं, पहिलं पत्र बाबांना वाचून दाखवायला घेतलं होतं. मधल्या ओळीपाशी थांबली आणि हे दुसऱ्याच कुणाचं पत्र आहे असं सांगून फाडून टाकलं. दुसरं त्यांना वाचून दाखवलं. "तू चांगली आहेस, पण ते पहिलं तू लिहिलं होतंस का?" एवढंच विचारलं होतं.

मी सगळं खरं कळवलं. तिने पुढचं पत्र लिहिलं, पण त्यात आईबद्दल एक शब्द नव्हता. नंतर कधीच नाही.