आत्याबाई आणि माझ्या डोळ्यातली काच

आमच्या लासुर्ण्यात सून रडताना दिसली की लोक कारण विचारत बसत नाहीत. कारण घरातच असतं, लुगडं नेसून ओसरीवर बसलेलं. म्हणून मी जेव्हा ऐन उसाच्या हंगामात सकाळ-संध्याकाळ डोळे पुसत अंगणात फिरायला लागले, तेव्हा आमच्या आत्याबाईंचं नाव आपोआप खराब झालं. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या मला नावाने कमी आणि 'कलेक्टरीणबाई' म्हणून जास्त हाक मारतात, कारण भाकरी थापताना मी जितका विचार करते तितका कलेक्टरही सही करताना करत नसेल, असं त्यांचं मत आहे.

मी नवरीच्या ब्लाउजवर आरीकाम करते. लाकडी फ्रेमवर कापड ताणायचं, आकड्यासारख्या सुईने वरून टोचून खालचा दोरा ओढायचा आणि एकेक मणी साखळीत बसवायचा. माझ्या हातात एवढी एकच कला. आणि तीच हातची जाते की काय, अशी वेळ आली होती. मला प्रत्येक मण्याला शेपूट दिसायचं. एका ओळीच्या दीड ओळी व्हायच्या. बारामतीची बुटिकवाली माझ्याकडे काम पाठवते. एक ब्लाउज तिने परत धाडला, 'ओळ नागमोडी गेलीय' म्हणून. तो तेवढा घाईचा होता. सकाळी फ्रेमवर चढवला आणि दुपारीच नवऱ्याच्या पिशवीत घालून रवाना केला होता. बाकी कामाची तिची तक्रार नव्हती, पण मला माझं कळत होतं. अजून दोन परत आले असते तर मी आरी गुंडाळून ठेवली असती.

माझा नंबर सिलिंड्रिकल. चष्म्याने दिसायचं, पण फ्रेमवर वाकलं की चष्मा नाकावरून घसरायचा आणि काचेच्या कडेतून चौकोनी कापड तिरकं दिसायचं. म्हणून आधी मऊ लेन्स घेतल्या होत्या. त्या घातल्या की डोळ्याला कळतसुद्धा नाही. पण मान खाली घालून तास-दोन तास काम केलं, की दर उघडझापीला मणी एकदा नीट आणि एकदा शेपटासकट.

बारामतीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात लेन्स बसवणाऱ्या मॅडम आहेत. त्यांनी यंत्रात हनुवटी टेकवायला लावून बुबुळाचा उंचवटा मोजला आणि म्हणाल्या, "तुमच्या डोळ्याचा पुढचा भाग चेंडूसारखा गोल नाही. पालथ्या चमच्यासारखा आहे, एका बाजूला जास्त वाकलेला. म्हणून प्रकाश एका जागी जमत नाही."

मी विचारलं, "मग मऊ लेन्सने का जमत नाही?"

"पालथ्या चमच्यावर पोळी टाकली तर ती चमच्याचाच आकार घेणार ना? मऊ लेन्स तशी. म्हणून तिच्यात उलटा नंबर घालावा लागतो, आणि तो बरोबर त्याच दिशेला राहायला हवा. जरा फिरली की नंबर तिरका झाला. कडक लेन्स वाकत नाही. तिच्या आणि डोळ्याच्या मधल्या फटीत तुमचंच पाणी भरतं. खड्ड्यात पाणी साचलं की वरून रस्ता सपाट दिसतो, तसं. मग पुढचा भाग गोलच्या गोल. लेन्स फिरली तरी बिघडत नाही."

आमच्या गावच्या रस्त्यावर असला सपाटपणा मी पावसाळाभर बघते, त्यामुळे मला ते पटलं. मॅडमनी नमुन्याची लेन्स घातली. डोळ्यात पापणीचा केस गेल्यासारखं झालं आणि दोन्ही गालांवरून धार लागली. पिवळं औषध लावून निळ्या उजेडात त्यांनी लेन्सखाली पाणी कसं पसरलंय ते पाहिलं, मला बाकावर बसवून ठेवलं, आणि पाणी थांबल्यावर पुढे एक-दोन काचा धरून तक्ता दाखवला. अक्षरांना कडा आल्या होत्या. काळं जिथे संपतं तिथेच पांढरं सुरू होतं, मध्ये काही नाही. मी शेवटची ओळ वाचली आणि तक्त्याच्या खाली छापलेलं कंपनीचं नावही वाचायला घेतलं. मॅडम म्हणाल्या, "पुरे, ते परीक्षेत नाही."

खरी परीक्षा घरी होती. माझ्या मापाची लेन्स आली की पहिल्या दिवशी ती चार तास घालायची, मग रोज थोडं वाढवत न्यायचं. मध्ये सुट्टी घेतली तर पापणी सगळं विसरणार आणि पुन्हा पहिल्यापासून. डोळे पूर्ण मिटायचे, अर्धवट नाही. नळाचं पाणी लेन्सला लावायचं नाही, दिलेलं औषधच वापरायचं. टोचणं, पाणी येणं चालेल. पण डोळा लाल होऊन दुखायला लागला किंवा धूसर व्हायला लागलं तर लेन्स काढायची आणि तडक यायचं.

हे सगळं मी आत्याबाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजी पैसं दिऊन डोळ्यात खडा घालायचा. कामं कमी हायती व्हय घरात?"

कडक लेन्सची एक गंमत आहे. ती टोचते ती वरच्या पापणीच्या कडेला. खाली बघितलं की आराम, समोर किंवा वर बघितलं की खुपणं. त्यामुळे फ्रेमवर वाकून बसले की मी सुखी असायचे, आणि उठले की समोर बघायलाही हनुवटी वर करून, डोळे अर्धे मिटून, नाकाच्या शेंड्यावरून बघायचे. वर गालावर पाणी. अर्ध्या गावाला वाटलं मी शिष्ट झालेय, आणि उरलेल्या अर्ध्याला वाटलं मला जाच होतोय. काही जणींनी दोन्ही एकत्र केलं.

ऊस भरलेल्या ट्रॅक्टरमागून नवऱ्याच्या गाडीवर गेले तर धुळीचा एक कण लेन्सखाली शिरला. मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवायला लावून हात बांधून उभी राहिले, कारण चोळायचं नाही असं बजावलेलं होतं. नवरा बिचारा बाजूला पाण्याची बाटली घेऊन उभा. तेसुद्धा चालणार नव्हतं. नेमकी शेजारीण तिथून गेली. तिची बहीण बावड्याला दिलेली, आणि बावडा माझं माहेर.

पुढच्याच सकाळी अंगणात जीप उभी राहिली. माझा थोरला भाऊ आणि तात्या, म्हणजे माझे चुलते. तात्या बाजेवर बसले. त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला, त्याला हात लावला नाही. चहा आला, त्याच्याकडे बघितलं नाही. आमच्याकडे लेकीचं काही बोलायचं असलं की आधी बोलणं आणि मग पाणी.

मी बाहेर आले. मान वर, डोळे अर्धे, गाल ओले.

तात्या भावाला म्हणाले, "बघ. लेकराची काय दशा झालीय." मग आत्याबाईंकडे वळून म्हणाले, "आमी पोरगी नांदायला दिली हुती. तिला काय कमी पडलं, सांगा."

आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "काय कमी न्हाय. जास्तच झालंय. डोळ्यात काच घातलीय तिच्या."

भाऊ बाजेवरून उठलाच. "कुनी घातली?"

"बारामतीच्या मॅडमनी," आत्याबाई म्हणाल्या. "ती बी पैसं घिऊन."

मी मध्ये पडले नसते तर जीप तशीच बारामतीला गेली असती. मी हात धुतले, तात्यांसमोर बसले, डोळा मोठा केला, बाहेरचा कोपरा बोटाने ताणला आणि पापणी मिटली. लेन्स टपकन तळहातावर पडली. तात्या बाजेच्या दुसऱ्या टोकाला सरकले. मग हळूहळू परत आले आणि डाळीएवढी ती चकती लांबूनच न्याहाळत बसले.

"मग घालतीस कशाला?" त्यांनी विचारलं.

"मणी दिसत नव्हते, तात्या. हिच्यानं दिसतात. थोडे दिवस टोचंल, मग न्हाय."

तात्यांनी गार झालेला चहा बशीत ओतला आणि पिऊन टाकला. जाताना आत्याबाईंना हात जोडून म्हणाले, "गैरसमज झाला, बाई." आत्याबाई म्हणाल्या, "आवो, लेकीसाठी आलात. न्हाई आला असता तर मी म्हनले असते, कसली मानसं हायती."

त्या दिवसापासून मात्र त्यांनी काच आपल्या अखत्यारीत घेतली. मी लेन्स घालायला बसले की कोंबड्या हाकलायच्या, अंगण झाडायचं थांबवायचं. आणि मला येता-जाता टोकायचं, "पुरतं मिट. काय दारावानी लोटून ठिवतीस?"

खुपणं कधी गेलं ते मला सांगता येणार नाही. एक दिवस जेवण करून भांडी घासली आणि मग आठवलं, लेन्स डोळ्यात आहेत. मान आपोआप सरळ झाली होती.

त्या दुपारी मी कपाटातला जांभळा ब्लाउज काढला. कडक लेन्सच्या आधी पूर्ण केलेला. साखरपुडा पुढे गेला म्हणून न्यायचा राहिलेला. आता तारीख ठरली होती, म्हणून द्यायच्या आधी शेवटची नजर टाकायला तो दारातल्या उजेडात धरला.

माझी ओळ जशी होती तशी मला पहिल्यांदाच दिसली. बुटिकवाली सौम्य शब्दांत बोलली होती. मी मणी दोन दिसणाऱ्या जागांपैकी कुठल्या तरी एका जागी टाकत गेले होते. पण नागमोडी ओळ मध्येच सरळ व्हायची. जिथे फार बिघडलं होतं, नेमकं तिथेच सरळ. त्या मण्यांवर माझी साखळी नव्हती. साध्या सुईचे आडवे टाके होते. ब्लाउज उलटा केला तर आतून पिवळ्या दोऱ्याच्या बारीक गाठी. माझा दोरा सोनेरी. पिवळा दोरा घरात एकाच कामाला वापरतात, गोधडी शिवायला.

आत्याबाई ओसरीवर चष्मा लावून मेथी निवडत होत्या. मी ब्लाउज त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी बघितल्यासारखं केलं. "दुपारची पडतीस तू, तवा बसायचे जराशी. हलत हुतं दोन-चार मनी, बांधलं."

"सगळ्याच ब्लाउजांना?"

"घाईत गेला त्यो सोडून."

"मला सांगितलं का नाही?"

"सांगून काय व्हनार? सुई ठिवली असतीस खाली. तेवढं एक तर येतंय तुला नीट. भाकरीचं तर काय बोलायचं." आणि त्या मेथीच्या काड्या मोडत राहिल्या.

मी तशीच बसले, ब्लाउज मांडीवर धरून. समोर त्यांची बोटं दिसत होती, सुईने टोचून टोचून काळी पडलेली अंगठ्याशेजारची टोकं, एकेक रेष वेगळी. मग ती हळूहळू धूसर झाली.

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. "आता काय रडतीस का काच टोचतीय?"

"काच टोचतीय," मी म्हणाले.

"मग पुरतं मिट," आत्याबाई म्हणाल्या, आणि पदराचं टोक माझ्या हातात दिलं. "पर चोळू नगं, मॅडमनी सांगितलंय."