गोपिकाबाईंच्या लोणच्याची ओळ

नवतपा लागला होता, उन्हाळ्यातले सगळ्यात तापते नऊ दिवस. नागपुरात या दिवसांत ऊन सकाळी सातलाच अंगावर येतं, म्हणून जे काय काम करायचं ते सावली आहे तोवर. सक्करदऱ्याच्या आपल्या घराच्या ओसरीवर गोणपाट अंथरून गोपिकाबाई कैऱ्या फोडत बसल्या होत्या. पाटाला ठोकलेला मोठा अडकित्ता, शेजारी पाण्याचा टोप, आणि पुसायला जुन्या धोतराचा फडका. कैरी ठेवायची, दांडा दाबायचा, खटकन दोन फाका. कोयीतलं बी काढून टाकायचं, कोयीचं टणक कवच मात्र फोडीला ठेवायचं, म्हणजे फोड वर्षभर मऊ पडत नाही.

कैऱ्या गावाकडच्या. दीर रुपराव पहाटे झाडावरून उतरवायचे आणि पहिल्या एस.टी.त कंडक्टरच्या हवाली करायचे. त्या दुपारपर्यंत मिठा-हळदीत पडायलाच पाहिजेत, असा बाईंचा नेम. एक रात्र राहिलेली कैरी त्या लोणच्याला घेतच नसत, पन्ह्याला ठेवत.

आज शनिवार होता. उद्या, रविवारी, लोणच्याच्या जाहिरातीची ओळ द्यायची होती.

बेसाकडच्या एका मोठ्या सोसायटीच्या बायकांचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. तो चालवायची वैदेही. घरगुती जिन्नस विकणाऱ्या बायकांना ती रविवारी तिथं जागा द्यायची. मे महिना लागला तेव्हा गोपिकाबाईंनी पहिल्यांदा फोटो टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘ताजं लोणचं. कालच घातलं.’ बरण्या पटापट गेल्या. बाई दिवसभर खुशीत होत्या. आणि संध्याकाळी एकेक निरोप यायला लागला. काकू, कडू लागतंय. काकू, फोड कच्ची आहे. काकू, खराब तर नाही ना?

खराब काहूनचं? मोहरी नवी असली की कडूच लागणार; मिठाचं पाणी सुटेल, तेल वर येईल, फोड खार पिईल, तेव्हा ते लोणचं. बाईंच्या माहेरी नव्या बरणीच्या तोंडाला फडक्याचा दादरा बांधला की पोरंसोरंही तिच्याकडे पाहत नसत. हे कुणाला सांगावं लागतं, असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. त्यांनी घाईघाईनं कळवलं, फडताळात ठेवा, मुरू द्या. एकीनं तर बरणी परतच पाठवली.

परवा वैदेहीचा फोन आला होता. आवाज गोड, पण अवघडलेला.

“काकू, या रविवारी टाका तुम्ही. पण आता नियम केलाय, एक फोटो नि एकच ओळ. लांबलचक कुणी वाचतच नाही. आणि मागच्यासारखी तक्रार आली ना, तर मला बाकीच्या बोलतील हो. मग तुमचं नाव नाही ठेवता येणार.”

“नाही येणार तक्रार,” गोपिकाबाई म्हणाल्या, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसल्या. मालक जाऊन तिसरं वर्ष लागलं होतं. पोरबाळ नव्हतं. हा फोन वाजायचा तो लोणच्यासाठीच. ग्रुपातून नाव गेलं तर तोही देव्हाऱ्यातल्या घंटीसारखा, आपणच हलवू तेव्हा वाजणार.

ओळ सुचेना. चव लिहायची तर चाखणार कोण? डॉक्टरांनी मीठ तोडलं होतं. बाई लोणचं घालायच्या ते नाकानं आणि हातानं. चाखायचं काम मालकांचं. मालक तरी काय, बोट चाटून “हूं” म्हणायचे. त्या ‘हूं’वर बाईंना सगळं कळायचं, पण ‘हूं’ काही फोटोखाली लिहिता येत नाही.

वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी रितिका जिना उतरून आली. मिहानमधल्या कंपनीत कामाला होती, शनिवारी सुट्टी. पुढच्या महिन्यात तिची बदली पुण्याला व्हायची होती.

“काकू, झाली का ओळ?”

“कायची होते वं! डोकं तापून राहिलं. तूच लिही ना.”

रितिकानं उभ्या उभ्या फोनवर लिहिलं आणि वाचून दाखवलं. “अस्सल वऱ्हाडी चव, शंभर टक्के शुद्ध, प्रेमानं बनवलेलं, चटपटीत…”

“थांब थांब. हे तं साबणाच्या पुड्यावरबी लिहिते.”

“साबण चटपटीत नसतो काकू.”

“शुद्ध तं असते!” बाई हसल्या. कितीतरी दिवसांनी हसल्या, तर घशात खरखर झाली. “पोरी, तू चाखलं तरी हाये का? न चाखता लिहून राहिली.”

फडताळात त्याच सुमाराला घातलेल्या, उद्या विकायच्या बरण्या मुरत होत्या; परत आलेली ती बरणी त्यांनी त्यांतून काढली. एवढ्या दिवसांत तेल वर येऊन लालभडक झालं होतं. कोरड्या चमच्यानं एक फोड काढून त्यांनी रितिकाच्या तळहातावर ठेवली.

रितिकानं फोड तोंडात टाकली. एक डोळा मिटला. मान खांद्याकडे गेली. जिभेचा टक्कन आवाज झाला. ती नुसती कवच चोखत राहिली.

“अवं, बोल ना काही! कडू हाये का?”

“काकू,” रितिका म्हणाली, “भात आहे का?”

होता, एका माणसापुरता. बाईंनी तो तिच्यापुढं ठेवला. रितिकानं लोणच्याचा खार कालवून पातेलं पुसून खाल्लं, आणि मग दचकून म्हणाली, “काकू, तुमचा भात!”

“राहू दे. मी पोळी खाईन.” बाईंनी फोन पुढं ओढला. बोट एकेका अक्षरावर टेकवत त्या लिहू लागल्या. रितिका तोंड धुऊन आली तोवर ओळ झाली होती.

‘सकाळी झाडावर, दुपारी मिठात. आता मुरलंय. भात जास्त मांडा.’

“आणखी काही नाही? फोन नंबर, भाव?”

“भाव विचारतील तं बोलतील तरी.”

रविवारी दुपारपर्यंत फोन वाजत राहिला. भाव विचारायला कुणी बोललं मात्र नाही, लिहून विचारलं. पत्ता पाठवा. पोऱ्या येईल. दोन बरण्या. तीन. बाई सारख्या केसांवरून हात फिरवत होत्या, ओसरीवर दोन खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या, माठात वाळा टाकला होता. कुणी चाखायला आलंच तर. हेल्मेट घातलेली पोरं आली, बरण्या पिशवीत टाकल्या, ओटीपी विचारला, गेली. एकाला पाणी विचारलं तर तो म्हणाला, “टाइम नहीं है, माँजी.”

रात्री वैदेहीनं कळवलं. काकू, आमच्याकडे भाताचा कुकर दुसऱ्यांदा लावला. नाव कायम आहे तुमचं. पुढच्या रविवारचीही जागा धरून ठेवते.

बाईंनी ते वाचलं, पुन्हा वाचलं. वर रितिकाला दाखवावं म्हणून जिन्याशी गेल्या. वर अंधार होता. ती मैत्रिणीकडे गेली होती. मग त्यांनी फोन पदरानं पुसून सांडशीशेजारी ठेवला आणि कालच्या फोडींचं पातेलं पुढं ओढलं. मिठाचं पाणी बरंच सुटलं होतं. त्यांनी चाळणीखाली टोप लावला आणि फोडी निथळायला घातल्या.